दोन भागांमधली चाळीस सेकंदं

सरांचा पॉडकास्ट मी दोन वर्षं जुळवला. सर परभणीच्या एका कॉलेजात शिकवून निवृत्त झालेले. जिल्ह्यातल्या साध्या माणसांशी ते दोन-दोन तास बोलत. त्यातला तासभर मी निवडायची, त्याचे चार-पाच भाग करायची आणि त्या भागांच्या मध्ये सरांनी एकट्यानं बोलायचे दुवे लिहून द्यायची. मला कुणासमोर बसून बोलणं जमत नाही, म्हणून हे काम बरं वाटलं होतं. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, त्यामुळे सुरुवातीचे दुवे निबंधासारखे यायचे. ‘आता आपण पुढील विषयाकडे वळूया’ असं काही दिसलं की सर कागद खाली ठेवत. “वळायला आपण काय टांग्यात बसलोय का?”

हळूहळू हात बसला. पाहुण्याच्या शेवटच्या वाक्यातलं काहीतरी उचलायचं, ऐकणाऱ्याला लागेल तेवढीच माहिती द्यायची आणि अशा जागी थांबायचं की पाहुण्याचं पुढचं वाक्य उत्तरासारखं यावं. चाळीस सेकंदांत. जोड कळला नाही पाहिजे, एवढंच डोक्यात असायचं.

झरी गावच्या मावशींची मुलाखत एप्रिलमध्ये झाली. तीस वर्षं अंगणवाडी चालवलेली बाई. अंगणवाडीचा शेवटचा दिवस त्यांनी सुरुवातीलाच सांगितला होता. मुलगा पुण्याला गेला हे सांगितलं खूप नंतर, चहा झाल्यावर. मी क्रम बदलला. आधी मुलगा, मग शेवटचा दिवस. मध्ये लिहिलं, ‘मुलाच्या खोलीला कुलूप लागलं. घरात आता कुणाचा आवाज नव्हता. आणि एक दिवस मावशींनी अंगणवाडीची किल्लीही परत करून टाकली.’ त्यानंतर लगेच मावशींचा आवाज, “त्या दिवशी लेकरं लय रडले.”

रेकॉर्डिंगला पंखा, कूलर सगळं बंद ठेवावं लागे. सरांनी घाम पुसत एका दमात वाचलं आणि म्हणाले, “हा तुझा सगळ्यात चांगला दुवा.” मलाही तसंच वाटत होतं.

प्रसिद्ध करण्याआधी पूर्ण एपिसोड पाहुण्याला ऐकवायचा, हा सरांचा नेम. दोन दिवसांनी दुपारी मावशींचा फोन आला. सरांनी स्पीकर लावला.

“सर, मी असं कुठं म्हणले व्हते?”

“काय मावशी?”

“पोरगं गेलं म्हणून म्या अंगणवाडी सोडली, असं. माझे गुडघे गेले म्हणून सोडली. त्याच्यानंतर दोन सालानं तो गेला. म्याच लावून दिला त्याला पुण्याला. आदीच भावकी म्हणायलीय, आईला टाकून गेला. आता तुमचं ऐकून म्हणतेल, बघा, बाईची नोकरीबी गेली ह्याच्यापायी.”

सर म्हणाले, “माझंच चुकलं, मावशी. दुरुस्त करतो.”

मी समोर बसले होते.

फोन ठेवल्यावर मी दोन्ही भाग पुन्हा ऐकले. मावशींचा एकही शब्द मी बदललेला नव्हता. सरांच्या तोंडचं एकेक वाक्यही सुटं पाहिलं तर खरंच होतं. खोटं फक्त त्यांच्या क्रमात होतं, आणि तो माझा होता. सर म्हणाले, एखादं वाक्य काढून टाकू. पण तेवढ्यानं भागत नव्हतं. दोन भाग शेजारी होते तोवर ऐकणारा तोच अर्थ लावणार. शेवटचा दिवस पुन्हा आधी घेतला, मुलगा त्याच्यामागे. त्यामुळे पुढचे-मागचे दुवेही नव्यानं लिहावे लागले. सरांचा घसा बसला होता. नवा आवाज जुन्यात मिसळेना, म्हणून शेवटी त्यांचे सगळेच दुवे पुन्हा रेकॉर्ड करायचे ठरले. मला नुसती झोप हवी होती.

मधला दुवा आता असा होता: ‘गुडघ्यांमुळे मावशींनी काम सोडलं. त्यानंतर दोन वर्षांनी त्यांचा मुलगा पुण्याला गेला. त्याला पाठवायचं मावशींनीच ठरवलं होतं.’ सरांनी कागदावरून नजर उचलली. “जरा कोरडं वाटतंय.”

“हो,” मी म्हणाले.

रेकॉर्डिंगच्या आधी मावशींना वाचून दाखवायचं होतं. घशामुळे सरांना फोनवर बोलवत नव्हतं. मी नंबर लावला, नाव सांगितलं आणि आधीचं मी लिहिलं होतं हेही सांगितलं. पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला.

“तू लिव्हलं व्हतं व्हय? बरं, वाच.”

मी वाचलं. एका दमात.

“आनखी एकदा वाच. सावकाश. पोराला फोनवर घेते, त्यालाबी ऐकू दे.”

रिंग वाजत राहिली. मी कागद धरून थांबले.