बोर्डाने न केलेली मागणी

सोलापुरात एका मिलच्या ऑफिसात मी टायपिस्ट होते. आमच्या एमडींनी टेबलाच्या काचेखाली एक कागद घालून ठेवला होता. अमुक रकमेपर्यंत कर्ज घेणे, पैसे गुंतवणे, कारकुनांच्या नेमणुका आणि बदल्या करणे, हे अधिकार बोर्डाने ठरावाने त्यांना दिले होते. कागद मीच टाईप केलेला. साहेब मात्र त्याच्याकडे सनद असल्यासारखे बघत.

मिलचा एक निवृत्त जॉबर, म्हणजे खात्यातल्या कामगारांवरचा मुकादम, आम्ही त्याला मामा म्हणायचो, शेअरहोल्डर होता. शेअरचे पैसे अर्धवटच भरलेले; उरलेले कंपनी मागेल तेव्हा द्यायचे. दर वार्षिक सभेत पुढे बसून तो नको ते प्रश्न विचारायचा. त्याला घालवायची साहेबांना लई हौस. त्यांनी परस्पर ठरवलं की शेअरचे उरलेले पैसे सगळ्यांकडून मागवायचे; मामाला झेपणार नाही.

"साहेब, बोर्डाची मीटिंग?" मी विचारलं.

त्यांनी काचेवर बोट आपटलं. "सांगितलंय तेवढं टाईप करा, बाई."

माझं डोकं सणकलं. नोटिशीच्या ठरलेल्या नमुन्यात 'बोर्डाने सभेत ठरवल्याप्रमाणे' असं असायचं. सभा झाली नव्हती, खोटं कशाला लिहू? मी लिहिलं, 'मॅनेजिंग डायरेक्टरांनी ठरवल्याप्रमाणे'. साहेबांनी न वाचता सही ठोकली.

मामाने पैसे भरले नाहीत. मग दुसरी नोटीस निघाली, चौदा दिवसांत भरा, नाहीतर शेअर जप्त. मामा ती घेऊन माझ्याकडे आला. ते शेअर म्हणजे त्याच्या आयुष्यभराच्या कमाईतली एकच चीज.

"पैशे हायेत की बाई. पर मागतंय कोन, त्ये आदी सांगा."

मी एवढंच म्हणाले, "पहिली नोटीस बोर्डावरच्या वकीलसाहेबांना वाचून दाखवा."

पुढच्या मीटिंगला मी कागद घेऊन दाराशी उभी. वकीलसाहेबांनी नोटीस टेबलावर ठेवली. "शेअरवर पैसे मागायचा अधिकार बोर्डाचा, तोही सभेतच. बोर्डाच्या मनात असलं तरी हा कुणाला देता येत नाही, कमिटीलासुद्धा. कर्जाचं वेगळं, तो अधिकार देता येतो." मागणी रद्द, जप्तीची नोटीस रद्द, भरलेल्यांना पैसे परत द्यायचे. मला मनातून इतका आनंद झाला की चेहरा लपवायला फाईल चाळावी लागली.

तिथंच बोर्डाने रीतसर ठराव करून तीच मागणी पुन्हा केली. मुदत संपायच्या आत मामा पैसे घेऊन हजर. पावती दोनदा वाचली आणि टोपीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी माझी बदली सुताच्या गोदामात केली. बदलीचा अधिकार त्यांना खरोखरच होता, आणि या वेळी कागदावर एक शब्दही चुकला नव्हता.