काकूंची मूठ

शिंपीकाकांच्या हृदयात कृत्रिम झडप होती, म्हणून रोज रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी. काकू गेल्या आणि महिन्याभरात काकांच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं.

तपासणीचा कागद पाहून सिस्टर करवादली, "काका, पालेभाजी सोडलीत ना?"

"करणारीच गेली, बाई."

सिस्टरचा आवाज खाली आला. "रक्त गोठवणारे घटक यकृत बनवतं, पण त्यांना कामाला जुंपतं पालेभाजीतलं व्हिटॅमिन के. गोळी त्यालाच आवर घालते. तुमचा डोस काकूंच्या भाजीवर बसवलेला. भाजी थांबली, गोळी तेवढीच राहिली, रक्त फार पातळ झालं. डॉक्टर बघतीलच, पण भाजी रोज सारखीच खा."

"सारखी म्हणजे किती?"

"काकू घालायच्या तेवढी."

बायकोच्या ब्लाउजचं माप काकांना तोंडपाठ होतं. भाजी ती मुठीने घालायची, आणि मुठीचं माप त्यांनी कधी घेतलंच नव्हतं.