दोन ओळींची जागा

फोन आला तेव्हा मी शेवग्याच्या शेंगा मोडत होते. पुतण्या बसू म्हणाला, "काकू, आई गेली." मी विचारलं, "कधी?" तो म्हणाला, "आत्ताच. चहा मागितला, अन् पिली न्हाई." मी उरलेल्या शेंगा मोडल्या, हात धुतले आणि मुलाला म्हणाले, गाडी काढ. माझ्या डोळ्याला पाणी आलं नाही, हे आधीच सांगते. रडून मोकळं होणारी बाई मी नाही. शिवाय, अक्कासाठी रडायचा मला हक्क आहे की नाही, हेच मला ठाऊक नव्हतं. आता दीड महिना झाला. शिल्पा, म्हणजे बसूची मुलगी, लातूरला शाळेत शिकवते. ती म्हणाली, आज्जी, तूच लिही. मी चौथी शिकलेली. जसं येतं तसं लिहिते.

काशम्मा माझी थोरली जाऊ. मी तिला अक्का म्हणायची. आमचं गाव जळकोटच्या बाजूला. मी लग्न होऊन आले तेव्हा ती तीन वर्षांची जुनी सून होती, आणि सासूनं मला तिच्याच हाताखाली दिलं होतं. जातं मोठं, एकीला ओढायचं नाही. म्हणून आम्ही समोरासमोर बसायचो, एकाच खुंट्याला दोघींचे हात. ती ओवी घालायची, पण तिची रीत निराळी होती. इतर बायका एकटीनं म्हणतात. अक्का दोनच ओळी म्हणायची आणि थांबायची. पुढच्या दोन मी म्हणायच्या. तिच्या दोन ओळींत नेहमी प्रश्न असायचा, माझ्या दोन ओळींत उत्तर. आणि तिची दुसरी ओळ ज्यावर संपेल, त्याला माझ्या चौथ्या ओळीचा शेवट जुळायलाच पाहिजे. जुळला नाही तर ती खुंटा धरून ठेवायची. जातं थांबायचं. "जुळव की गं, पीठ वाट बघून राहिलंय." पहिल्या महिन्यात मी रडकुंडीला आले होते. "अक्का, मला न्हाई येत." तर म्हणाली, "मग मी तरी कुणाला इचारू? भिताडाला?" हळूहळू यायला लागलं. एक आठवतं ते लिहिते.

आडाला गं पाणी किती
कोण बाई मोजू जाई?
घागरीत चांद आला
पाणी त्याला पुरं होई.

वरच्या दोन तिच्या, खालच्या दोन माझ्या. ही ऐकून अक्का इतकी हसली की मूठभर ज्वारी खाली सांडली. सासू आतून ओरडली, "दळायला बसलाव का तमाशाला?" अक्का मला हळूच म्हणाली, "चांदाला पाजलंस पाणी, सासूला पाज आता." दोघींचं मिळून चार ओळींचं एक कडवं व्हायचं. निम्मं कडवं म्हणजे काय, हे मला तेव्हा माहीतच नव्हतं. तशी वेळच कधी आली नाही.

मग तो मोठा दुष्काळ पडला. आड आटला. दळायला ज्वारीच्या जागी रेशनची परदेशी लाल मिलो आली, तिच्या भाकरीला चव ना चिकटा. त्यातच माझ्या मालकांना नांदेडला कापडाच्या गिरणीत काम लागलं. निघताना अक्कानं माझं गाठोडं बांधून दिलं. म्हणाली, "बस्तान बसलं की ये गं. निदान दळणापुरती तरी ये." मी म्हणाले, "पंधरा दिवसांत येते." आठ दिवसांनी आमच्या गावाला सरकारचं दुष्काळी काम, खडी फोडायचं, सुरू झालं. अक्का सासूला घरी सोडून, बसूला पाठीशी बांधून खडी फोडायला जायची, आणि घरी आल्यावर एकटीनं जातं ओढायची. हे मला कळत होतं. गावाकडून येणारा प्रत्येक माणूस सांगायचा, "काशम्मा इचारून राहिली, कधी येतीस?" मी म्हणायची, "सांगा, येते." गेले नाही. कारण विचाराल तर मोठं काही नाही. नांदेडच्या खोलीसमोर नळ होता. सकाळी तासभर यायचा. मी बादली लावून त्याच्याजवळ उभी राहायची आणि मला गावाची आठवण नकोशी व्हायची... एवढंच. शेवटी सासूच्या पाया पडायला गावी गेले तेव्हा पाऊस पडून गेला होता, खडीचं काम संपलं होतं, आणि गावात पिठाची गिरणी बसायची बोलणी चालली होती. अक्का रोड झाली होती. हातांना घट्टे होते. मला काही बोलली नाही. मीही विचारलं नाही.

पुढं काही वर्षांनी लातूर जिल्हा झाला. गावोगाव कार्यक्रम झाले. आमच्या भागातल्या एका शाळेच्या बाईंनी ठरवलं, नव्या जिल्ह्यातल्या बायकांच्या ओव्यांची पुस्तिका काढायची. अक्कानं तिची वही एका नातलगाच्या हाती मला नांदेडला पाठवली. माझं अक्षर तिच्यापेक्षा चांगलं होतं. निरोप होता, "नीट उतरून दे. जशाला तसं."

वही उघडली. पहिली पाच कडवी चार चार ओळींची, आम्ही मिळून म्हटलेली. माझ्या ओळी तिनं आठवणीनं उतरवल्या होत्या, घागरीतला चांदही होता. सहाव्या कडव्यापासून मात्र दोनच ओळी. सातव्यात दोन, आठव्यात दोन. अकराव्यापर्यंत तसंच, आणि वही तिथं संपलेली. प्रत्येक दोन ओळींखाली दोन रेघा कोऱ्या. मला वाटलं, कंटाळली. किंवा विसरली, आणि मी भरावं म्हणून जागा सोडली. सहावं असं होतं.

खडीवर ऊन किती
कोण धरी सावलीला?

वाचायला कसंतरी वाटायचं. कान पुढच्या ओळीची वाट बघायचा आणि ती यायची नाही. पायरी आहे म्हणून पाय टाकावा आणि खाली काहीच नसावं, तसं. मी वेगळा कागद घेऊन बसले आणि त्याला जुळवून लिहिलं,

पदराची छत्री केली
देव आला सोबतीला.

एका दुपारी मी सहाही कडवी पुरी केली. बारा ओळी. सगळी अकरा कडवी एकसारखी, चौकोनी, ओळीत उभ्या केलेल्या पोरांसारखी दिसायला लागली. मला फार बरं वाटलं. वही अक्काला परत गेली. पुस्तिका छापून आली, त्या अकरा ओव्यांवर नाव अक्काचं. शाळेच्या बाईंनी सभेत नेमकं तेच कडवं म्हणून दाखवलं. देव आला सोबतीला. टाळ्या पडल्या. मी दुसऱ्या रांगेत बसले होते आणि मनातून फुगले होते. घरी आल्यावर अक्का चुलीपुढं बसली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "बरी सुचली गं उत्तरं तुला. नांदेडात बसून." मी हसले. मला ते कौतुक वाटलं. चाळीस वर्षं मी ते कौतुक म्हणून सांभाळलं.

तिच्या दिवसांना पुन्हा गावी गेले तर घरात समाधीच्या दगडाचं बोलणं चाललं होतं. आमच्यात पुरतात, त्यामुळं वर दगड बसवायचा. नाव, आणि खाली तिचीच एक ओवी, चारी ओळी. बसूनं पुस्तिका काढली आणि बोट ठेवलं. "पदराची छत्री केली, देव आला सोबतीला. आईची सगळ्यांत चांगली ओवी हीच. पाथरवट उद्या येणार हाय." मी गप्प बसले. म्हणायचं होतं, पण तोंड उघडेना. सगळे हो म्हणत होते. मला वाटलं, जाऊ दे, कुणाला कळणार आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिल्पा अक्काची पेटी आवरत होती. तिला जुनी वही सापडली. ती वही आणि पुस्तिका शेजारी ठेवून बराच वेळ बघत बसली. मग माझ्याकडं आली. "आज्जी, वहीत सहाव्यापासून दोनच ओळी हायत." मी म्हणाले, "विसरली असंल." ती म्हणाली, "न्हाई. ही वही बघ. आजीनं समासात लिहिलंय, पुठ्ठ्याच्या आतून लिहिलंय. कागद वाया घालवणारी बाई न्हाई ही. मग इथं दोन दोन रेघा कोऱ्या कशापायी सोडल्या?" ती तिच्या शाळेतल्या पोरांना समजावते तसं सांगायला लागली. पाच वेळा एकच आकार आला की वाचणाऱ्याला त्याची सवय होते. प्रश्न, उत्तर, प्रश्न, उत्तर. मग एकाएकी आकार मोडला की समजायचं, गाण्यात काहीतरी घडलंय, जे कवीनं शब्दांत सांगितलेलं नाही. "बघ ना, प्रश्न सगळे तसेच हायत. चाल तीच. दुसऱ्या ओळीचा शेवट जोड मागतो, अन् जोड येत न्हाई. उत्तर देणारी कोण होती आज्जी? सहाव्या कडव्यात ती कुठं गेली?"

सहाव्या कडव्यात खडी आहे. खडीचं काम सुरू झालं तेव्हा मला नांदेडला जाऊन आठ दिवस झाले होते.

सातवं कडवं शिल्पानं मोठ्यानं वाचलं.

जातं माझं झालं जड
कोण लावी दुजा हात?

हे मी तेव्हाही वाचलं होतं. वाचून त्याखाली गोड उत्तर लिहिलं होतं. कळलं नाही म्हणणं खोटं होईल. कळून घ्यायचं नव्हतं. अक्कानं सबंध वहीत माझ्या नावानं एक वाकडा शब्द लिहिला नाही. फक्त माझी जागा कोरी ठेवली आणि वही मलाच पाठवली. आणि मी काय केलं, तर त्या जागेत जाऊन बसले, जशी काही कधी उठलेच नव्हते... सबंध गावापुढं तिला सोबत होती असं मी छापून आणलं.

अंगणात पाथरवट दगड उतरवत होता. मी बसूला हाक मारली. सगळे होते, व्याही होते, शेजारचे होते. मी म्हणाले, "ती ओळ कोरू नको. ती तुझ्या आईची न्हाई, माझी हाय. कुणीबी आलं नव्हतं सोबतीला. देवबी न्हाई, मीबी न्हाई." बसू म्हणाला, "काकू, आता कशाला ते? चाळीस वर्षं झाली." मी म्हणाले, "तुला पाठीला बांधून खडी फोडायची ती. तुला आठवत नसंल." त्याचा चेहरा उतरला. मग हळूच म्हणाला, "मग काय कोरायचं?" शिल्पानं खडीच्या दोन ओळींवर बोट ठेवून वही पुढं केली. बसूनं वाचलं. "समाधीवर प्रश्न? लोक काय म्हणतील?" शिल्पा म्हणाली, "इचारू देत लोकांना. आजी इचारतच होती की."

पाथरवट म्हातारा होता, कामाचा पक्का. त्यानं आधी खडूनं ओळी मारून घेतल्या, नाव कोरलं, मग त्या दोन ओळी. दुपारी उठला, दगडावर फुंकर मारली आणि मागं सरून बघितलं. म्हणाला, "बाई, खाली जागा उरलीय. चार ओळींचं माप दिलं होतं मला. अजून दोन बसतात. काय घालू?"

सगळे माझ्याकडं बघत होते. मला ओळी येत होत्या. खोटं सांगत नाही, जुळूनही आल्या होत्या.

"काही घालू नका," मी म्हणाले.