बराबर म्हणजे काय?

माझा स्वभाव संशयी आहे, हे मी आधीच कबूल करते. बियाण्याच्या दुकानांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या आमच्या मस्तगडच्या ऑफिसात मी दुसऱ्यांच्या टेस्ट केस, म्हणजे सॉफ्टवेअर कसं चालवून बघायचं आणि काय निकाल यावा त्याच्या नोंदी, तपासते. संशय हीच माझी नोकरी.

दैवशालाताई चाळिशीच्या. अकरा वर्षं बियाण्याच्या दुकानात काढून आमच्याकडं टेस्टिंग शिकायला आल्या. शुक्रवारी त्यांना कायम करायचं का, ते माझ्या तपासणीवर ठरणार होतं.

सकाळी त्यांची टेस्ट केसची शीट उघडली आणि माझं डोकंच फिरलं. केस अकरा, बारा, तेरा शब्दाला शब्द सारख्या: लॉग इन करा, लॉट निवडा, पिशवी विका. अपेक्षित निकाल तिन्हीत एकच, "बराबर यावं." सत्तावीस आणि एक्केचाळीसही तशाच. म्हटलं, बाई आकडा फुगवून राह्यली. शेऱ्याच्या रकान्यात तसंच ठोकून दिलं: "कॉपी-पेस्ट. संख्या वाढवण्यासाठी." शिवाय, बियाण्याची मुदत संपल्यावर पिशवी परत आली तर काय, याची एकही केस नव्हती. तेही लिहिलं.

दुपारी त्यांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले.

"ताई, ह्या तीन केसमधी फरक काय?"

"तारखेचा, मॅडम. अकरा मुदतीच्या आदल्या दिवशी, बारा त्याच दिवशी, तेरा दुसऱ्या दिवशी."

"तारीख कुठंय?"

त्यांनी शीट पाहिली आणि कपाळाला हात लावला. "डोक्यात होती. लिहायची राह्यली."

मला ते बिलकुल खरं वाटलं न्हाई. "मंग बराबर म्हणजे काय? नीट सांगा."

"अकरा-बाराला पिशवी विकली जावी, तेराला अडवावी. शेवटच्या दिवसापर्यंत विकता येतं ना."

सॉफ्टवेअर मागवणाऱ्या ग्राहकानं दिलेल्या कागदावरही तेच होतं. बघूच म्हणून मुदतीची तारीख टाकून केस बारा चालवली. सॉफ्टवेअरनं पिशवी अडवली. चांगली विकायजोगी पिशवी! उद्या आमच्या केस चालवणाऱ्या भिवानं ही तारीख-निकालाविना लिहिलेली केस चालवली असती, तर "अडवली, बराबर" म्हणून पास करून मोकळा झाला असता. त्याचा तरी काय दोष?

मला लाज वाटली. सत्तावीस-एक्केचाळीस मात्र खरंच एकच निघाल्या. ताईंनी एक काढली, तिन्ही केसमध्ये तारखा आणि निकाल लिहिले, परतीची केस नव्यानं घातली. मी माझा शेरा पुसायला गेले.

"र्‍हाऊ द्या मॅडम, सकाळीच वाचला," ताई म्हणाल्या. शीट सगळ्यांनाच दिसते, हे मी विसरूनच गेल्ते. शेरा वाचूनही सकाळी त्यांनीच मला चहा आणून दिल्ता.

"मंग बोलला का न्हाईत?"

"तुम्ही विचारता का, ते बघत होते."

"आणि मी विचारलंच नसतं तर?"

ताईंनी टेबलाचा खण उघडला. आत एक कागद होता, त्यावर राजीनामा लिहिलेला. खाली तारीख शुक्रवारची.