नायिकेची ओळ

महाराष्ट्राला प्रेम करायला संगीत नाटकातल्या द्वंद्वगीतांनी शिकवलं, असं माझ्या थोरल्या बहिणीच्या चुलतसासऱ्यांचं ठाम मत होतं. त्याआधी या प्रदेशात लग्नं होत, मुलं होत, पण प्रेम असं नव्हतं. असलंच तर त्याला चाल नव्हती. ती चाल लावणाऱ्यांत एक नायक आणि एक नायिका अशी एक जोडी होती, आणि त्या जोडीतली नायिका म्हणजे हे स्वतः. नायकालाही आणि नायिकेलाही रोज दाढी करावी लागे.

मी त्यांना पाहिलं तेव्हा नाटक कंपनी बुडून बरीच वर्षं झाली होती आणि ते गिरगावात एका लुगड्यांच्या दुकानात नोकरीला होते. अंगात बंद गळ्याचा कोट, डोक्यावर काळी टोपी, आणि चालणं मात्र जरीचा काठ सांभाळत चालल्यासारखं. गिऱ्हाईक बाई दोन रंगांत अडकली की ते शांतपणे उठत, शालूचा पदर कोटावरूनच खांद्यावर घेत आणि मान किंचित तिरकी करून उभे राहत. गिरगावातल्या निम्म्या नवऱ्या मुलींचे शालू असे आधी त्यांच्या अंगावर पसंत झालेले आहेत. एकदा एका आजीबाईंनी त्यांना निरखून विचारलं, "अहो, तुम्हांला कुठेतरी पाहिलंय. तुमची बहीण नाटकात होती का?" चुलतसासरे म्हणाले, "होती. फार लवकर गेली बिचारी." त्या दिवशी ते जेवले नाहीत.

गाण्यातलं मला फारसं कळत नाही. जे कळतं ते त्यांनी सांगितलेलं. ते सांगत, द्वंद्वगीत म्हणजे दोघांनी मिळून गायचं गाणं ही अडाण्यांची समजूत. दोघं एकदम गातात ते भजन. द्वंद्वगीतात नायकाने ओळ चढवत न्यायची आणि निषादावर नेऊन अधांतरी सोडून द्यायची. ऐकणाऱ्याचा जीव तिथे टांगलेला राहिला पाहिजे. मग नायिकेने तोच निषाद तिथल्या तिथे उचलायचा, वरच्या षड्जाला हात लावायचा आणि सावकाश खाली उतरत समेवर येऊन टेकायचं. तबला थांबता कामा नये, की ओळ कुणाच्या हातून कुणाच्या हातात गेली ते कळता कामा नये. "त्याने विचारायचं आणि तिने घरी आणून सोडायचं," ते म्हणत. "प्रेम म्हणजे तरी दुसरं काय असतं?" ते स्वतः अविवाहित होते.

हे जमायचं कारण मात्र अगदी गद्य होतं. दोघंही पुरुष असल्यामुळे दोघांची पट्टी एकच होती, काळी दोन. ऑर्गनवाल्याने एकदा सूर धरला की दोघांनाही तो पुरे. पुढे रंगभूमीवर खऱ्या बायका आल्या आणि सगळी पंचाईत झाली. नायक काळी एकमध्ये गाणार, नायिका काळी चारमध्ये. तिच्या पट्टीत गावं तर तो किंचाळतो, त्याच्या पट्टीत गावं तर ती पुटपुटते. चाल लावणाऱ्यांनी मग दोघांना वेगवेगळी कडवी वाटून दिली. "खऱ्या बाईने खऱ्या पुरुषाबरोबर प्रेमाचं गाणं म्हणणं हेच मुळात अनैसर्गिक आहे," असं ते म्हणत, आणि ऐकताना ते पटतही असे.

चाली मूळच्या कुठल्या, यात त्यांना काही गुपित वाटत नसे. एखाद्या बैठकीत ऐकलेली खमाजातली ठुमरी घ्यायची, तिची अक्षरं मोजून त्यावर मराठी शब्द बसवायचे. बैठकीत ती पन्नास माणसं ऐकत. नाटकात एकेका पदाला तीन-तीन वन्समोअर पडत, त्यामुळे पिटातला माणूस एकाच प्रयोगात ती तीनदा ऐके आणि घरी जाताना सोबत घेऊन जाई. मग ग्रामोफोनची तबकडी निघाली. तबकडी तीन मिनिटांत संपते, म्हणून ताना गळाल्या आणि नुसता मुखडा उरला. तो वरातीच्या बँडवाल्यांनी उचलला. शेवटी तो रेडिओवरच्या भावगीतांत शिरला. रेडिओ लागला की चुलतसासरे एका कानाने ऐकत आणि पोलिसासारखे म्हणत, "हा निषाद आमच्याकडून गेलाय."

माझ्या बहिणीला बघायला आले तेव्हा तिने प्रथेप्रमाणे एक पद म्हटलं. त्या काळी बघायच्या कार्यक्रमात मुली द्वंद्वगीतातली नायिकेची अर्धी बाजूच तेवढी म्हणत. नायकाची बाजू मुलीने म्हणणं बरं दिसत नसे. म्हणजे मुंबईतल्या दिवाणखान्यांतून वर्षानुवर्षं न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं गायली जात होती. बहिणीने तोंड उघडलं तोच मुलाकडच्या मंडळींतून चुलतसासरे म्हणाले, "थांब पोरी. विचारल्याशिवाय उत्तर देऊ नये." आणि त्यांनी नायकाची ओळ म्हटली. बहीण लाजली, पण तिने निषाद उचलला. लग्न तिथेच ठरलं. खरा नवरा मुलगा कोपऱ्यात पोहे खात होता.

या सगळ्या वैभवाला एक डाग होता. नायकाशी त्यांचं पंचवीस वर्षं बोलणं नव्हतं. कंपनीच्या शेवटच्या प्रयोगात तिसऱ्या वन्समोअरला नायकाने आपली ओळ निषादावर सोडलीच नाही. नायिकेची ओळही स्वतःच गाऊन तो समेवर आला. टाळ्या पडल्या. हे शालू नेसून, तोंड अर्धवट उघडून उभे. "माझी ओळ खाल्ली त्याने," एवढंच ते सांगत. रंग उतरवून जे थिएटराबाहेर पडले ते नायिकेची ओळ पुन्हा कधी गायले नाहीत. ती एक ओळ एकदा, चारचौघांसमोर, आपल्या तोंडून पुरी व्हावी, ही एकच इच्छा त्या माणसाला उरली होती. त्यासाठी समोर नायक लागत होता आणि नायकाचं नाव तर घ्यायचं नव्हतं.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. परळला रविवारी दुपारी एक सभा व्हायची होती आणि आमच्या ऑफिसातल्या युनियनकडे त्यातला करमणुकीचा भाग आला होता. शाहीर दुसऱ्या सभेत अडकला होता. माझ्या तोंडून निघून गेलं, की जुन्या कंपनीतला नायक लालबागला राहतो आणि नायिका आमच्या नात्यात आहे. सेक्रेटरी म्हणाले, "वा! मराठी संस्कृती." त्या वर्षी कशालाही मराठी संस्कृती म्हटलं की मंजूर होत असे.

चुलतसासरे तीन दिवस नाही म्हणाले. चौथ्या दिवशी म्हणाले, "येईन. पण माझी ओळ मला मिळाली पाहिजे. हे त्याच्याकडून कबूल करून घे. मी त्याच्या घराखाली उभा राहीन, वर येणार नाही."

नायक एका गिरणीत टाइमकीपर होता. लालबागच्या चाळीतल्या खोलीत बनियनवर बसून तो सुपारी कातरत होता. मी अट सांगितली, आणि ती घालणारा खाली रस्त्यावर उभा आहे हेही सांगितलं. तो माझ्याकडे बघतच राहिला. मग गॅलरीत जाऊन खाली वाकून ओरडला, "मेल्या, वर ये! रस्त्यार काय उभो रवलंस, वरात येतली म्हणान?"

चुलतसासरे वर आले आणि उंबऱ्याबाहेरच थांबले.

"पंचवीस वर्सां तू ह्या डोक्यात घेवन बसलंस?" नायक म्हणाला. "अरे, दुसऱ्या वन्समोअराक तुझो आवाज चिरकलो हुतो. वरचो सा लागलो नाय. पिटातलो एक हसलो. आयकलंस नाय तू?"

"नाही," चुलतसासरे म्हणाले.

"मी आयकलंय. तिसऱ्याक पुन्हा चिरकलो असतो तर लोकांनी हुर्यो केली असती. म्हणान मी घेतलंय तुझी ओळ. खावक नाय, राखूक."

मग चुलतसासरे आत येऊन सतरंजीवर टेकले. "मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"शालू नेसलेल्या माणसाक असा काय सांगतत?"

तालमी तिथेच झाल्या. आवाज दोघांचेही उतरले होते, पण उतरतानाही बरोबरीने उतरले होते. पेटीवर आता पांढरी सात लागत होती. वरचा षड्ज मात्र चुलतसासरे तालमीत घेत नसत. "तो त्या दिवशी," म्हणत.

सभेत सात वक्ते होते. पहिल्याने मुंबईचा इतिहास पुराणकाळापासून सांगितला आणि दुसऱ्याने, पहिल्याने जे सांगितलं ते सांगायची गरज नाही, असं म्हणून पुन्हा सांगितलं. लाउडस्पीकरची परवानगी सातपर्यंत होती. सात वाजायला सहा मिनिटं असताना सेक्रेटरींनी माझ्या कानाशी येऊन सांगितलं, "एकच कडवं. ताना नकोत." अशा रीतीने संस्कृतीचं माप पुन्हा तबकडीएवढं झालं.

दोघं माइकपुढे उभे राहिले. एक धोतर-कोटातला, एक लेंगा-सदऱ्यातला. पुढे बसलेले गिरणी कामगार हसले, ते स्वाभाविकच होतं. पेटीने सूर दिला. नायकाने ओळ उचलली, चढवत नेली आणि निषादावर अशी सोडली, की हसणारे गप्प झाले. तबला चालूच होता. चुलतसासऱ्यांनी मान किंचित तिरकी केली, श्वास घेतला, तोंड उघडलं.

आणि नायिकेची ओळ मैदानाने म्हटली.

कुणी ठरवलेलं नव्हतं. पुढच्या रांगांतल्या कामगारांनी, कडेला पोरं घेऊन उभ्या असलेल्या बायकांनी, पार मागे चहाच्या गाडीपाशी उभ्या असलेल्यांनीसुद्धा. त्यांतल्या बहुतेकांनी ते नाटक पाहिलेलं नव्हतं. कुणी ती चाल वरातीत ऐकली होती, कुणी आईच्या तोंडून पाळण्याशी. जिथे निषाद सोडला तिथून त्यांनी तो उचलला, षड्जाला हात लावला आणि सगळे मिळून बिनचूक समेवर आले. मग टाळ्या झाल्या. सेक्रेटरींनी माइक काढून घेतला आणि घोषणा सुरू झाल्या.

चुलतसासरे पायऱ्या उतरले. नायक त्यांच्या मागोमाग आला आणि म्हणाला, "ह्या टायमाक मी नाय हां खाल्लंय."

"नाही," ते म्हणाले. "तू नाहीस."

मी म्हटलं, "काका, तुम्ही शिकवलेली ओळ आज सगळ्या परळला येते. आणखी काय पाहिजे?" मला वाटलं, मी फार चांगलं बोललो.

ते चालत राहिले. टोपी नीट करत म्हणाले, "लागला असता रे आज. मला आतून कळत होतं, लागला असता." मग चार पावलं जाऊन म्हणाले, "किंवा नसता." त्यानंतर त्यांनी तो षड्ज कधी लावून पाहिला नाही. मी दोनदा सुचवलं. ते म्हणाले, समोर तो नसताना कुणाला उत्तर द्यायचं? आणि नायक त्याच उन्हाळ्यात गिरणी सोडून मालवणला गेला.

सभेचा वृत्तांत मंगळवारच्या वर्तमानपत्रात आला. सातही भाषणं सविस्तर होती. चुलतसासऱ्यांनी चष्मा लावून तो पुरा वाचला आणि घडी घालून मला परत दिला. शेवटच्या ओळीत म्हटलं होतं, की सभेच्या आरंभी दोन वृद्ध गृहस्थांनी ईशस्तवन केले.