बापाच्या चालीचा ठेका

त्या दुष्काळी वर्षी औरंगाबादला टँकर आले तरी लग्नं थांबली नव्हती. शहागंजच्या आतल्या गल्लीत मुनीबचं व्हिडिओ मिक्सिंगचं दुकान होतं. दुकान कसलं, एक टेबल, एक संगणक आणि दोन स्पीकर. शूटिंगवाले तासन्‌तासांचं चित्रण आणून टाकायचे, आणि मुनीब ते गाण्यावर कापून बसवायचा. शेकडो लग्नं त्याच्या बोटांखालून गेली होती. जेवायला मात्र त्याला कुणी बोलावलं नव्हतं. अनिसा, त्याची बायको, वारल्यापासून दुपारचा डबाही बंद झाला होता. घरी लवकर जाऊन करायचं काय, म्हणून तो दुकानातच बसून राही.

वैशाखात पिशोरहून वच्छलाबाई आल्या. मेंढ्या राखणारं घर. थोरल्या लेकीचं लग्न माघात झालं आणि महिन्याभरात वच्छलाबाईंचा नवरा, सूर्यभान, छातीत कळ येऊन गेला. शूटिंगवाल्यानं चित्रण तसंच मुनीबकडं टाकलं होतं.

"झालंय का आमचं?" त्यांनी दारातूनच विचारलं.

"झालंय मावशी. बसा, लावतो."

मुनीबनं नेहमीसारखंच केलं होतं. धडाक्याचं डीजे संगीत, आणि जवळजवळ प्रत्येक ठोक्याला नवं चित्र. हळद, हसू, अक्षता, फुगे, पुन्हा हसू. सगळ्या गिऱ्हाइकांना हेच आवडायचं. वच्छलाबाई पुढं वाकून बघत होत्या. बघता बघता त्यांचा चेहरा उतरला.

"ह्यांचं तोंड दिसंना हो. आलं की गेलं, आलं की गेलं."

ठोका अर्ध्या सेकंदाचा होता. माणूस ओळखायलाही तेवढा वेळ पुरत नव्हता.

"हळू करतो. पुढच्या आठवड्यात या."

त्यानं बासरीचा एक संथ तुकडा निवडला आणि सूर्यभानची चित्रं लांबवली. वच्छलाबाई पुन्हा आल्या, थोडा वेळ बघितलं आणि हात पुढं केला.

"बंद करा भाऊ. ह्यात ते आधीच मेल्यागत वाटतात. लेकीचं लगीन व्हतं. त्या दिशी लई खुशीत व्हते ते."

त्या गेल्यावर मुनीबनं आवाज बंद केला आणि नुसतं चित्रण बघत बसला. सूर्यभान पंगतीतून बुंदीची बादली घेऊन चालत होता. उंच, किंचित पोक काढलेला, कळपामागं चालायची सवय असलेला माणूस. पाऊल घाईचं नव्हतं आणि रेंगाळतही नव्हतं. मुनीबचं बोट आपोआप टेबलावर पडू लागलं. पाऊल, ठोका. पाऊल, ठोका. अनिसा शिलाई मशीन चालवताना अशाच ठेक्यात काहीतरी पुटपुटायची, हे त्याला आठवलं आणि बोट थांबलं. मग त्यानं डोळे पुसून पुन्हा सुरू केलं.

त्या चालीचं संगीत हुडकायला त्याला दोन दिवस लागले. शेवटी मऊ ढोलकीचा एक तुकडा सापडला. लय मध्यम, जरा उल्हासाची. त्यानं पडद्यावरच्या आवाजाच्या रेषेवर जिथं जोरकस ठोके उंच उठत होते तिथं खुणा केल्या. आता प्रत्येक ठोक्याला कापायचं नव्हतं. पाहुण्यांची चित्रं समेवर बदलायची, बाकीचे ठोके तसेच वाहू द्यायचे. बुंदी वाढणारा सूर्यभान त्यानं असा बसवला की पाऊल टेकलं की ठोका यावा. आणि पाठवणीच्या वेळी तो लेकीच्या डोक्यावर हात ठेवतो, तिथं हात टेकताना सम आली. त्यानंतर ढोलकी वाजत राहिली, पण सूर्यभान हात उचलेपर्यंत मुनीबनं एकदाही कापलं नाही.

वच्छलाबाईंनी ते शेवटपर्यंत पाहिलं. रडल्या नाहीत. पंगतीच्या ठिकाणी मात्र हसल्या.

"बघा, असंच चालायचे. मागं राहिले की मी वराडायची, चला की हो बिगी बिगी."

त्यांनी पदर नीट केला. "तुमच्या घरचं कोण हाय?"

"कोणी नाय मावशी. बायको होती."

"तिचं असलं काही केलंय का?"

"आमच्या लग्नात व्हिडिओ नव्हता."

बाहेर कुणीतरी टँकर आल्याचं ओरडत गेलं.

डीव्हीडी लेक सासरी घेऊन गेली. पिशोरच्या घरी टीव्ही नव्हता. म्हणून वच्छलाबाई शहरात आल्या की दुकानात डोकावायच्या, मुनीब हातातलं काम बाजूला ठेवून ते लावायचा, आणि दोघं चहा पीत बघायचे. पाऊस पडल्यावर त्या कळपामागं डोंगराकडं गेल्या आणि मग आल्याच नाहीत. कुणी म्हणालं, लेकीकडंच राहायला गेल्या.

संगणकातली जागा वरचेवर भरायची. मुनीब जुनी लग्नं पुसून टाकायचा. ते एक मात्र त्यानं ठेवलं. एखादं जोडपं धडाक्याचं मागून, पसंत करून गेलं की तो कधीकधी ते लावतो, आवाज बारीक करतो आणि त्या चालत्या माणसाबरोबर टेबलावर बोट टेकवत बसतो.