मागच्या बाकावरून

माझी एक विद्यार्थिनी आहे. तिच्याविषयी पनवेलमधल्या एका शिक्षणसंस्थेत असं बोललं जातं की, नोकरीच्या मुलाखतीत ती खोटं बोलली. ती खोटं बोलली नव्हती. खोटं मी बोललो होतो. हे लिहायला मला वर्षाच्या वर लागलं.

ज्या शाळेत मी भूगोल शिकवला, त्या शाळेची संस्था निवृत्तीनंतरही मला अधूनमधून बोलावत असे. विनाअनुदानित शाळा आहे, शिक्षक संस्थाच निवडते. उमेदवाराने वर्गात पंधरा-वीस मिनिटांचा पाठ घ्यायचा, आम्ही मागच्या बाकांवर बसून बघायचं, मग मुख्याध्यापकांच्या खोलीत मुलाखत. निवड समितीत संस्थेचे सचिव, मुख्याध्यापिका आणि विषयतज्ज्ञ म्हणून मी. घरून न्यायला गाडी येई. सोसायटीच्या गेटपाशी मी मुद्दाम थोडा वेळ उभा राहत असे, म्हणजे गाडी माझ्यासाठी आली आहे हे चारचौघांना दिसावं. हे सांगायची लाज वाटते, पण पुढचं सगळं ह्याच्यातूनच झालं.

त्या दिवशी सहावी ते आठवीच्या सामाजिक शास्त्रांसाठी एक जागा होती. सकाळी सचिवांनी उमेदवारांची नावं वाचून दाखवली आणि म्हणाले, "सर, मॅडम, कोणी ओळखीचं, नात्यातलं असेल तर आत्ताच सांगा. मागच्या वेळी तक्रार झाली, फार मनस्ताप झाला. कोणी असेल तर तेवढ्या उमेदवारापुरतं बाहेर बसायचं, बाकी काही नाही."

मी म्हणालो, "माझ्या ओळखीचं कोणी नाही." तेव्हा ते खरं होतं. तिचं लग्नानंतरचं आडनाव मला माहीत नव्हतं.

"सरांचं बरं आहे," सचिव हसत मुख्याध्यापिकांना म्हणाले. "सरांचा शब्द म्हणजे स्टँपपेपर."

पाठ सुरू व्हायच्या आधी मी हात धुवायला बाहेर गेलो. व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्च्यांवर उमेदवार बसले होते. त्यातली एक उठली, पुढे आली आणि वाकून पाया पडली. चेहरा वर केला तेव्हा मी ओळखलं. उरणकडच्या खाडीकाठची कोळ्याची मुलगी. मामाकडे राहून आमच्या शाळेत शिकली. नकाशा न बघता तिने फळ्यावर किनारा काढला होता, प्रत्येक खाडीच्या तोंडासकट, आणि मी तो दोन दिवस पुसू दिला नव्हता.

"सर, तुम्ही आहात समितीत? मग मला भीती नाय," ती म्हणाली. वर्गात प्रमाण भाषा बोलणारी ती, आनंद झाला की तिच्या तोंडून 'नाय' निघे.

त्याच पावली परत खोलीत जाऊन "ही माझी विद्यार्थिनी आहे" एवढं सांगायचं होतं. पंधरा-वीस मिनिटं बाहेर बसावं लागलं असतं. पण आत्ताच तर मी ओळखीचं कोणी नाही म्हणालो होतो, आणि त्यावर ते स्टँपपेपरचं बोलणं झालं होतं. शिवाय त्या प्लास्टिकच्या खुर्च्यांमध्ये जाऊन बसायचं मला जड वाटलं. मी इकडेतिकडे बघितलं आणि हलक्या आवाजात म्हणालो, "हे बघ, इथे ओळख दाखवू नकोस. तुझ्याच भल्यासाठी सांगतोय."

तिने मान हलवली. तिला ते पटलं नव्हतं, पण सरांनी सांगितलं म्हणून ऐकलं.

तिचा नंबर तिसरा. वर्ग सातवीचा, विषय भरती-ओहोटी. तिने फळ्याच्या कोपऱ्यात विषय लिहिला, मुलांकडे वळली आणि स्वतःची ओळख करून दिली. नाव सांगितलं. शिक्षण सांगितलं. "मी समुद्राकाठच्या घरातली आहे. आमच्याकडे भरती बघितल्याशिवाय कोणी घराबाहेर पडत नाही. आज आपण तीच भरती शिकणार आहोत." एवढंच. छान ओळख होती. ओळख अशीच असावी, तिथूनच पाठात उतरता यावं. मुख्याध्यापिकांनी गुणपत्रिकेतल्या 'ओळख' ह्या रकान्यात टिपण केलं, मला दिसलं.

तेवढ्यात दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली. "बाई, तुमी कुठल्या शालेत शिकल्या?"

वर्ग हसला. ती मुलगी ओवे गावची की कुठली, तिला बोलण्यावरून हसत होते. माझी विद्यार्थिनी हसली नाही. तिने एक क्षण माझ्याकडे बघितलं. मी नजर खाली केली. मुलांना खोटं सांगणं तिला जमलं नाही, एवढाच तिचा गुन्हा.

"ह्याच शाळेत," ती म्हणाली. "तिसऱ्या खिडकीपाशी बसायची. आणि मला भूगोल ज्यांनी शिकवला, ते सर आज तुमच्या मागे बसलेत."

सगळा वर्ग मागे वळून माझ्याकडे बघायला लागला. एका मुलाने टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी. सचिव माझ्याकडे झुकले. "सर? तुम्ही तर म्हणालात ओळखीचं कोणी नाही."

पाठ चालू होता. तिने अमावस्या-पौर्णिमेचं उधाण आणि अष्टमीचा भांग, म्हणजे लहान भरती, फळ्यावर काढला, मुलांना सूर्य-चंद्र करून उभं केलं. मी त्यातलं काही ऐकत नव्हतो. माझ्या डोक्यात एकच होतं, आता काय सांगायचं. "सकाळी नावावरून कळलं नाही, आत्ता ओळखलं," एवढंही पुरलं असतं. निम्मं खरं होतं ते.

मी म्हणालो, "हजारो मुलं हाताखालून गेली हो. मला नाही आठवत ही."

"म्हणजे आत्ता मुद्दाम तुमचं नाव घेतलं?"

मी खांदे उडवले. त्या खांदे उडवण्यानेच तिचं नुकसान केलं.

मुलाखतीत मुख्याध्यापिकांनी सरळ विचारलं, "वर्गात ओळख करून देताना समितीतल्या सरांचा उल्लेख करायची काय गरज होती? त्याने दबाव येतो, कळत नाही का तुम्हाला?"

"मुलीने विचारलं, मॅडम. पहिल्याच ओळखीत मुलांना खोटं कसं सांगू?"

"सर तर तुम्हाला ओळखत नाहीत म्हणतात."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. वर्गात एखाद्या मुलाचं उत्तर अर्धवट राहिलं की आपण थांबतो, तसं ती थांबली होती. मी पाण्याचा ग्लास उचलला.

"आज सकाळी सरांशी बोललात का तुम्ही?" सचिवांनी विचारलं. "खरं सांगा. शिपायाने तुम्हाला सरांच्या पाया पडताना बघितलंय."

"बोलले. सरांनीच सांगितलं, ओळख दाखवू नकोस."

दोघांनी माझ्याकडे बघितलं.

मी म्हणालो, "कोणीतरी पाया पडलं, मी आशीर्वाद दिला. असं काही बोलणं झालं नाही."

ती म्हणाली, "सर..." पदर सारखा केला, फाइल उचलली, तिघांनाही नमस्कार केला आणि गेली. मलाही केला.

दार बंद झाल्यावर सचिव म्हणाले, "पाठ एक नंबर होता. पण असली बाई कशाला हवी? उद्या आपल्यावरच उलटेल. आणि सरांवर ढकलायला निघाली, बघा ना."

"हुशार असतात हो, पण..." मुख्याध्यापिकांनी वाक्य सोडून दिलं.

त्या 'पण'वर मी काही बोललो नाही. जागा दुसऱ्या एका उमेदवाराला मिळाली. तोही बरा शिकवतो, त्याची काही चूक नाही. परतताना गाडीत सचिव मला म्हणाले, "सर, वाईट वाटून घेऊ नका. लोक तुमच्या नावाचा फायदा घेतात." मी "चालायचंच" म्हणालो. हा शब्द मी खरोखर उच्चारला.

नंतर कळलं की संस्थेच्या दुसऱ्या दोन शाळांतही जागा होत्या, तिने अर्ज केले आणि तिला बोलावलंच नाही. कोणी काही लिहून ठेवलं नव्हतं. असल्या गोष्टी लिहाव्या लागत नाहीत. चहाच्या वेळी एक वाक्य पुरतं.

हे ऐकल्यावर मी सचिवांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. व्हरांडा, माझं वाक्य, माझं खोटं. त्यांनी पेपरवेट फिरवला. मग म्हणाले, "सर, तुमचं वय झालंय. आता कशाला उकरून काढता? नवा माणूस रुजू झालाय. मी काय त्याला काढू?"

"त्याला काढू नका. पण ती खोटं बोलली नाही, एवढं तरी तिन्ही शाळांना कळवा."

"म्हणजे आमच्या तज्ज्ञांनी खोटं सांगितलं, असं कळवू?"

"हो."

"बघतो," ते म्हणाले. चहा आला नाही. दारापर्यंत सोडायलाही कोणी आलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

मग नवीन पनवेलला तिच्या घरी गेलो. तिचा नवरा तळोज्याला कारखान्यात आहे, रात्रपाळी करून झोपला होता, म्हणून आम्ही स्वयंपाकघरात दबक्या आवाजात बोललो. ओट्याशी बसलेल्या दोन मुली पाढे लिहीत होत्या. ती घरी शिकवण्या घेते. तिने मला खुर्ची दिली, स्वतः उभी राहिली. मी सचिवांना काय सांगितलं ते तिला सांगितलं.

"मग ते काय म्हणाले?"

"बघतो म्हणाले."

"म्हणजे नाही."

"बहुतेक नाही."

तिने गॅस बारीक केला. "मग सर, हे मला कशाला सांगायला आलात? खरं काय ते मला ठाऊकच होतं."

मी विषय बदलून विचारलं, दुसरीकडे कुठे प्रयत्न चालू आहे का.

"झाले दोन ठिकाणी डेमो. आता ओळख करून देताना फक्त नाव आणि विषय सांगते. शाळा कुठली ते सांगत नाही." मग एका मुलीच्या पाटीकडे बघून, "सात सक किती गं? नीट बघ," आणि पुन्हा माझ्याकडे, "त्यांनी विचारलंच तर सांगते. पण कोणी शिकवलं ते नाही सांगत."

ती हे मला टोचायला म्हणाली नव्हती. बाजारात काय भाव आहे ते सांगावं तसं सांगितलं. मी उठलो. ती जिन्यापर्यंत आली, पण ह्या वेळी वाकली नाही, आणि मला हायसं वाटलं.

सचिवांनी कळवलं नाही. म्हणून मी हे लिहून छापायला दिलं आहे. आमच्या शाळेतले जुने विद्यार्थी, शिक्षक हे वाचतील. त्यांना शाळा कोणती आणि माणूस कोण हे नाव न घेताही कळेल. त्यांच्यापैकी कोणी उद्या एखाद्या निवड समितीत असेल, आणि एखादी बाई फळ्यावर भरतीचं चित्र काढायला उभी राहील. तिच्याबद्दल तुमच्या कानावर काही आलं असेल, तर ते माझ्याकडून आलेलं आहे आणि ते खोटं आहे.